रंग थांबवणेबाबत

माझं ब्यूटी पार्लर म्हणजे आमच्या जळगावच्या घरातली पुढची खोली. एक आरसा, एक फिरती खुर्ची, केस धुवायला मागे न्हाणीघर आणि दाराला जाड पडदा. पडदा महत्त्वाचा होता. त्या काळी आमच्याकडे बायका पार्लरमध्ये जायच्या, पण गेल्या असं म्हणायच्या नाहीत. भाजीच्या पिशव्या घेऊन यायच्या आणि जाताना वाटेत खरोखर भाजी घेऊन जायच्या.

मी माहेरची धुळ्याची. काम शिकले तेही धुळ्यात, एका वयस्कर बाईंच्या हाताखाली. त्या फार बोलायच्या नाहीत, आणि बोलल्या तर अहिराणीत. केसांविषयी त्यांनी मला जे सांगितलं ते एका वाक्यात मावतं. "केस मरेलच ऱ्हास, मरेलले दवा लागत नई." मेलेल्याला औषध लागू पडत नाही. लग्न होऊन जळगावला आले आणि पुढच्या खोलीत पडदा लावला, तेव्हा शिदोरी एवढीच होती.

माझ्या नेमाने येणाऱ्या बायकांमध्ये एक अक्का होत्या. सावद्याकडच्या एका गावच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. पूर्वी दीड-दोन महिन्यांनी यायच्या, केस काळे करून घ्यायच्या, डोक्यावर पदर घेऊन निघून जायच्या. मग पंचायतीत बायकांसाठी राखीव जागा आल्या आणि अक्का सरपंच झाल्या.

सगळ्यांना वाटलं होतं, अक्का सह्या करतील आणि नाना, म्हणजे त्यांचे यजमान, गाव चालवतील. तसं झालं नाही. अक्कांना सभा आवडायला लागल्या. जिल्हा परिषदेच्या कामांसाठी त्या स्वतः एसटीने जळगावला येऊ लागल्या आणि प्रत्येक फेरीत माझ्या खुर्चीत बसू लागल्या. आधी महिन्याने, मग पंधरा दिवसांनी. सभेत सगळ्यांचं लक्ष भांगाकडे जातं, असं त्यांचं म्हणणं. तिथे पांढरी रेघ दिसली की पुरुष मंडळी विषय सोडून देतात आणि "वहिनी, आता तुम्ही घरी आराम करा" म्हणतात.

डाय दोन बाटल्यांचा असायचा. एकीत रंग, दुसरीत तो आत शिरवणारं औषध. दोन्ही वाटीत कालवायचं, कपाळाच्या कडेला व्हॅसलिन लावायचं आणि ब्रशने भांग पाडत पाडत लावत जायचं. नेमाने रंगवणाऱ्या बाईला खरं तर फक्त मुळाशी लावायचं असतं, कारण खालचे केस आधीच रंगलेले असतात. पण अक्कांना ते पटत नसे. अर्धी भिंत रंगवतात का कधी, असं विचारायच्या. मुळापासून टोकापर्यंत एकसारखं पाहिजे. मी नवीन होते, त्या सरपंच होत्या. मी लावत गेले. चूक माझी होती, हे आजही कबूल करते.

वर्षभरात केसांनी हिशेब दाखवायला सुरुवात केली. टोकं आठवड्यात तांबूस पडायची. कंगव्यात मुळासकट आलेला केस क्वचितच दिसे, अर्धवट तुटलेले बारीक तुकडेच जास्त. एकदा धुताना मी ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणला. चांगला केस थोडा ताणतो आणि परत येतो. हा रबरासारखा लांबत गेला, परत आलाच नाही, आणि तुटला. त्या दिवशी मी ठरवलं की आता थांबायचं.

पण सांगायचं कसं? अक्का कधी एकट्या नसत. पंचायतीच्या एक-दोन सदस्या बरोबर असत आणि त्यांच्यापुढे अक्का फक्त केस धुवून घ्यायला आलेल्या असत. सदस्यांना खरं काय ते माहीत होतं. रंगाचा वास लपतो थोडाच. पण सगळ्यांनी मिळून न पाहिल्यासारखं करायचं, असा करार होता. मी दोनदा विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा अक्का आरशातूनच माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की मी पाण्याच्या टाकीविषयी बोलायला लागले.

मग एका फेरीला त्या फाइल माझ्याकडे ठेवून जेवायला गेल्या, आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. मी चिठ्ठी लिहिली. ती चुकून दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तर अक्कांची अब्रू जाऊ नये म्हणून मी एक शहाणपणा केला. अख्ख्या चिठ्ठीत 'केस' हा शब्द येऊ दिला नाही. खाली नावही घातलं नाही. ती चिठ्ठी मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे, कारण पुढे ती मला बऱ्याच जणांनी म्हणून दाखवली.

"स. न. वि. वि. सध्याचा रंग ताबडतोब थांबवावा. थरावर थर चढवल्याने आतून सगळे पोकळ झाले आहे. नीट पाहिल्यास ठिकठिकाणी तांबूस डाग व तुकडे पडत असल्याचे दिसेल. किमान तीन महिने विश्रांती द्यावी. दरम्यान टोकाचा खराब भाग कापून काढावा व आठवड्यातून दोनदा तेल द्यावे. आपल्या भल्यासाठी लिहीत आहे. आपली हितचिंतक."

घडी घालून फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवली. अक्का आल्या, फाइल काखेला मारली आणि गेल्या.

पंधरा दिवस झाले, अक्का आल्या नाहीत. तीन आठवडे झाले. मला वाटलं, राग आला. गिऱ्हाईक गेलं त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की मी जे समोर सांगायचं ते कागदावर सांगितलं. चौथ्या आठवड्यात, भर दुपारी, पडदा बाजूला झाला आणि अक्का आत आल्या. एकट्या. खुर्चीत बसल्या, पदर खाली घेतला आणि जे झालं ते सांगायला लागल्या. सांगताना मध्येच थांबायच्या, डोळे पुसायच्या. आधी मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या.

झालं होतं असं. ती फाइल त्यांनी गावात पोचल्यावर न उघडताच ग्रामसेवकाच्या हवाली केली. ग्रामसेवक व्यवस्थित माणूस. वरच कागद दिसला, त्यावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, आणि रजिस्टरमध्ये विषय लिहिला: रंगकाम थांबवणेबाबत. गावात त्याच वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोल्यांना रंग देणं चालू होतं. त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. मासिक सभेत त्याने निनावी तक्रार म्हणून ती उभं राहून वाचली.

पहिल्या ओळीला अक्काही शाळेचाच विचार करत होत्या. 'तांबूस' आल्यावर त्यांचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला. 'टोकाचा खराब भाग कापून काढावा' ऐकलं आणि त्यांना सगळं कळलं. आता उठून सांगणार काय? हा अर्ज माझ्या डोक्याबद्दल आहे, असं? त्यांनी पदर पुढे ओढून घेतला.

सभेला मात्र काहीच अडलं नाही. पोकळ म्हणजे भिंतीचा गिलावा, हे सगळ्यांना लगेच मान्य झालं. तांबूस डाग म्हणजे खिडक्यांच्या गजांचा गंज. एका सदस्याचं सुतारकाम होतं. तो म्हणाला, टोकाचा भाग म्हणजे पडवीचे वासे, ते कुजलेत हे मी केव्हाचा सांगतोय, आणि दारं-खिडक्यांना अळशीचं तेल द्यायलाच पाहिजे, फक्त आठवड्यातून दोनदा जरा जास्त होतं. 'आपली हितचिंतक' म्हणजे लिहिणारी बाई, तेव्हा ती शाळेतल्या बाईच असणार, असा निष्कर्ष निघाला. त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मी नाही लिहिलं म्हणून खूप सांगितलं. लोकांनी त्यांचं नम्रपणाबद्दल कौतुक केलं.

शेवटी सगळे सरपंचांकडे पाहायला लागले. अक्कांनी एवढंच म्हटलं, "रंग थांबवा. आधी खरवडून पाहा."

दुसऱ्या दिवशी सगळे शाळेत गेले. ग्रामसेवकाने भिंतीवर किल्ली ओढली आणि रंगाचा पापुद्रा पोळीसारखा खाली आला. रंगाऱ्याने जुना चुना न घासता त्यावरच रंग चढवला होता. सैल चुन्यावर डिस्टेंपर धरत नाही, हे त्यालाही माहीत होतं. भिंती खरवडून, अस्तर मारून पुन्हा रंगवायचं कबूल करून त्याने सुटका करून घेतली. वासेही खरंच कुजलेले निघाले.

"तुह्या चिठ्ठीनं माह्या गावची शाळा नीट केली," अक्का म्हणाल्या. "आता माह्या डोक्याचं पाहा."

मी माफी मागायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. रागावल्या नव्हत्या. पण अडचण वेगळीच होती. दोन महिन्यांनी शाळेचा कार्यक्रम ठरला होता. मोठे पाहुणे येणार, फोटो निघणार. घरात नानांचं आणि सुनेचं म्हणणं, त्याआधी दोनदा तरी रंग लावून घ्या. केस तुटतायत हे अक्कांनाही दिसत होतं, पण घरी त्यांना पटवता येईना. पार्लरवाली घाबरवते, असं नाना म्हणत. तेव्हा त्यांना घरात वाचून दाखवता येईल असा कागद पाहिजे होता.

"या खेपी साधं लिही," त्या म्हणाल्या. "केसायले केस म्हन."

मी त्यांना चहा दिला आणि समोर बसून लिहिलं. दोनदा फाडलं. तिसरं ठेवलं. ते असं होतं.

"अक्कांना नमस्कार. तुमच्या केसांना रंग लावणं मी तीन महिने थांबवते आहे. का, ते सांगते.

रंग केसावर बसत नाही, केसात शिरतो. केसाच्या अंगावर छपरावरच्या कौलांसारखी अगदी बारीक सालं असतात, एकावर एक. डायमधलं औषध ती सालं उचलतं, तेव्हा रंग आत जातो. नंतर ती बरीचशी खाली बसतात, पण पूर्वीइतकी घट्ट नाही. तुमच्या केसांची सालं दर पंधरा दिवसांनी उचलली गेली, आणि तीही मुळापासून टोकापर्यंत. आता ती बसतच नाहीत. म्हणून केस कोरडे झालेत, एकमेकांत अडकतात आणि तुटतात. घातलेला रंगही उघड्या सालांतून धुऊन जातो, म्हणून टोकं लवकर तांबडी होतात. ती तांबडी दिसली की तुम्ही पुन्हा रंगवायला येता. जितकं जास्त रंगवू तितकं कमी टिकेल.

डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्यामुळे खराब झालेला केस पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तेलाने तो मऊ राहील आणि कमी तुटेल, एवढंच. खरा उपाय एकच, मुळातून नवा चांगला केस येऊ द्यायचा आणि खालचा खराब कापत जायचा. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. तीन महिन्यांत दीड इंच पांढरं दिसेल. ते दिसू द्यावं लागेल.

आठवड्यातून दोनदा खोबरेल तेल लावा. ओल्या केसांतून कंगवा फिरवू नका, आणि फिरवायचाच तर मोठ्या दातांचा, खालून वर सोडवत. गरम पाण्याने धुऊ नका. काळी मेंदी म्हणून जी पाकिटं मिळतात ती मध्ये लावू नका, त्यात काय मिसळलेलं असतं ते पाकिटावर नसतं, आणि नंतर डाय लावला तर दोन्हींचं आपसात पटत नाही. टाळूला आग किंवा फोड आले तर माझ्याकडे नको, डॉक्टरांकडे जा.

दर पंधरा दिवसांनी मी टोकापर्यंत रंग लावत राहिले, तेव्हाच मी नाही म्हणायला पाहिजे होतं."

या वेळी खाली नाव घातलं.

त्याच दिवशी मी त्यांचे चार बोटं केस कापले. कात्री लावायच्या आधी त्यांनी विचारलं की सवाष्णीने कापावेत का. मी म्हटलं, तुटून पडतायत ते कुठे विचारून पडतायत. त्यावर त्यांनी डोळे मिटले आणि सगळं होईपर्यंत उघडले नाहीत.

घरी काय झालं ते पुढच्या फेरीला कळलं. सुनेने चिठ्ठी मोठ्याने वाचली. नानांनी ती हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचली. मग म्हणाले, केळीनंतर रान मोकळं सोडतो, ते आपण हौसेनं सोडतो का? विषय संपला. पण संध्याकाळी त्यांनी अक्कांना बाजूला घेऊन वेगळंच विचारलं, आणि अक्कांनी ते मला विचारायला एका कागदावर लिहून आणलं होतं. अक्षर नानांचंच होतं. खताच्या दुकानाच्या पावतीमागे लिहिलेलं. "मिशांनाही विश्रांती लागते का?"

तोपर्यंत मला माहीत नव्हतं की माझ्याकडून उरलेला डाय अक्का घरी नेत होत्या तो कशासाठी. कालवलेला डाय तासाभरात निकामी होतो, त्यामुळे मी बाटल्यांतला न कालवलेला, उरलेला डाय त्यांना तसाच देत असे. पदराला डाग पडला तर झाकायला, असं त्या म्हणत.

मी गंभीरपणे उत्तर लिहिलं. मिशा आखूड असतात आणि आठवड्याला कापल्या जातात, त्यामुळे रंगलेला केस फार दिवस राहतच नाही, त्याला अशी विश्रांती लागत नाही. मात्र ओठांच्या कातडीला डाय लागू देऊ नये, आणि खाज येत असेल तर कायमचं बंद करावं. नानांना खाज येत होती. त्यांनीही बंद केलं.

शाळेच्या कार्यक्रमाला मी गेले होते. अक्कांनी मला आग्रहाने बोलावलं होतं, आणि मला भिंतीही पाहायच्या होत्या. भिंती झकास होत्या, पडवीला नवे वासे होते. व्यासपीठावर अक्का बसल्या होत्या. भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पांढरं, खाली काळं. शेजारच्या रांगेत नाना, पांढऱ्या मिशा आणि काळे केस. त्यांचे डोक्यावरचे केस जन्माचे काळे होते, त्याला कोणाचाच इलाज नव्हता. दोघं उलटसुलट दिसत होते. फोटोवाल्याने अक्कांना पदर थोडा पुढे घ्यायला सांगितलं, भांग झाकला जाईल म्हणून. अक्का म्हणाल्या, आहे तसा काढ.  सभेत त्यांना 'वहिनी, आराम करा' म्हणणारे एक म्हातारे सदस्य पुढे येऊन त्यांना हार घालताना "अक्का" म्हणाले. पण हेही सांगितलं पाहिजे, की मागच्या रांगेतल्या दोन बायका भांगाकडे बोट दाखवून हसल्या, आणि अक्कांनी ते पाहिलं.

तीन महिने पुरे झाले त्या आठवड्यात अक्का हजर. मी मनात धरून चालले होते की आता त्या म्हणतील, राहू दे पांढरे. त्या म्हणाल्या, "झाला आराम. आता लाव."

मी लगेच लावला नाही. आदल्या फेरीला, पुढे लावायचा ठरलाच तर म्हणून, कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस पाहायला सांगितलं होतं, तिथली कातडी ठीक होती. ओला केस ताणून पाहिला. नवा भाग घट्ट होता, ताणून परत येत होता. खालच्या जुन्यात अजून दम नव्हता, म्हणून आणखी दोन बोटं कापले. मग फक्त वाढलेल्या पांढऱ्या भागाला रंग लावला आणि ब्रश खाली ठेवला. अक्का आरशात पाहत राहिल्या. टोकाला का नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं: सहा आठवड्यांनी, फक्त मूळ. तो त्यांनी बटव्यात ठेवला आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत कधीही आल्या नाहीत.

चिठ्ठीची बातमी मात्र अक्कांच्याच तोंडून सावद्यापासून फैजपूरपर्यंत पोचली. अनोळखी बायका यायच्या आणि अक्कांना दिली तशी चिठ्ठी द्या म्हणायच्या. काहींचे केस खरंच रंगाने गेलेले असत, त्यांना मी लिहून देत असे. एकीचे केस तर कधी रंगवलेलेच नव्हते. तिला नवऱ्याला दाखवायला असं लिहून हवं होतं की हिला तीन महिने शेतकामातून विश्रांती द्यावी. मी म्हटलं, बाई, माझा अधिकार मानेच्या वरचा.

पुढे बाजारात तपकिरी छटा आल्या आणि अक्कांनी टीव्हीवर कोणाचे तरी केस पाहून तसे करून मागितले. मी सांगितलं, काळ्या रंगावर तपकिरी रंग चढत नाही, आधी काळा उतरवावा लागेल, आणि तो उतरवणारं औषध आपल्या डायपेक्षा कितीतरी कडक असतं. त्या बराच वेळ वाद घालत होत्या. मी नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं. शेवटी त्या उठल्या, भाजीची पिशवी उचलली आणि रंग न लावताच निघून गेल्या. सहा आठवड्यांनी आल्या, खुर्चीत बसल्या आणि काळाच लावून घेतला.